साबणाच्या छोट्या खोक्याची डायलाइन: अर्धा मिलिमीटर कुठं काढायचा आणि कुठं टाकायचा

सांगलीत डीटीपीचं काम करणाऱ्या माणसाकडं आधी लग्नपत्रिका यायच्या, मग बॅनर, आता निम्मी लोकं येतात ती खोक्यासाठी. हळद, बेदाणे, मसाले, फेसपॅक, जे घरी बनवतात त्याला बॉक्स पाहिजे असतो, आणि बहुतेक जण कोरलमध्ये पाच चौकोन शेजारी शेजारी काढून आणतात आणि म्हणतात डायलाइन, म्हणजे बॉक्सच्या कापायच्या आणि घडीच्या रेघांचा नकाशा, झाली, फक्त छापून द्या. ते चौकोन मापानं बरोबर असतात, तरी बॉक्स नीट बसत नाही. का, ते मी एका खऱ्या बॉक्सवरून सांगतो, म्हणजे तुम्हाला पहिल्यांदा काढताना माझ्यासारखं दोनदा डाय, म्हणजे बॉक्स कापायचा साचा, करून घ्यावा लागणार नाही.

माझ्या आत्याचा मिरजेजवळच्या गावात बचत गट आहे, त्या हळदीचा साबण करतात. हाताने ओतलेला, तारेने कापलेला, बटर पेपरमध्ये गुंडाळलेला. त्याला एक साधा बॉक्स पाहिजे होता, वर झाकण खाली झाकण, बाजूला चिकटवलेला. या प्रकाराला टक एंड म्हणतात, टूथपेस्ट, औषधाच्या ट्यूब, साबण बऱ्याचदा यातच येतात. नवीन माणसाने हाच पहिला काढावा, यात सगळं शिकायला मिळतं.

आधी वस्तू मोजा, आणि एक नाही, दहा मोजा

आत्याने मला एक वडी दिली, मी पट्टी लावली, ७४ बाय ५२ बाय २५. खूश होऊन काढायला बसलो. नंतर त्यांच्याकडं गेलो आणि कपाटातल्या दहा वड्या व्हर्नियरने मोजल्या तर प्रत्येकीचं माप वेगळं, त्यातली सगळ्यात मोठी ७६ बाय ५३ बाय २६, तीही कागदासकट. कागदासकट हे महत्त्वाचं, कारण बटर पेपरच्या घड्या दोन्ही टोकांना चढतात आणि तिथं लांबी वाढते. शिवाय हाताने केलेल्या साबणातलं पाणी काही आठवडे उडत राहतं आणि वडी आकसते, म्हणून ज्या दिवशी तुम्ही बॉक्समध्ये भरणार त्याच अवस्थेतली वडी मोजायची. ताजी मोजून बॉक्स काढला तर दुकानात पोचेपर्यंत आत वडी खुळखुळते, वाळलेली मोजली आणि ताजी भरली तर आत जात नाही.

मग हिशोब सगळ्यात मोठ्या वडीचा धरायचा. ७६ × ५३ × २६ मिमी.

मग बोर्डाची जाडी मोजा, जीएसएम नाही

नवीन माणूस विचारतो बोर्ड कितीचा, आणि उत्तर मिळतं ३०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, त्यावरून जाडी ठरत नाही. त्याच ३०० जीएसएममध्ये डुप्लेक्स पातळ लागतो आणि फोल्डिंग बॉक्स बोर्ड त्याच वजनात जरा फुगीर, जाड लागतो. डायलाइनला पाहिजे ती जाडी. म्हणून प्रेसमधून एक तुकडा मागून आणा आणि मायक्रोमीटर नाहीतर व्हर्नियरमध्ये धरा. मला मिळालेल्या ग्रे बॅक डुप्लेक्सची जाडी भरली ०.४ मिमी. आता हा ०.४ पुढं सगळीकडं येणार आहे, हाच या लेखाचा खरा हिरो आहे राव.

कारण असं की तुम्ही कागदावर काढता ती रेघ, तिला जाडी नसते. बोर्डाला असते. जिथं एक पान दुसऱ्या पानाच्या आत जातं तिथं आतल्याला ०.४ ची जागा लागते, ती जागा कुणीतरी सोडायला पाहिजे. ती सोडली नाही की झाकण फुगून राहतं, कोपरा तिरपा येतो, चिकटवलेली कड बाहेर डोकावते.

पानं मांडायची

डायलाइन म्हणजे उघडून आडवा पसरलेला बॉक्स, आणि बघायचा तो छापलेल्या बाजूने. डावीकडून सुरू करा. आधी ग्लू फ्लॅप, प्रेसमध्ये याला पेस्टिंगची पट्टी म्हणतात. मग मागचं पान, मग एक बाजू, मग पुढचं पान, मग दुसरी बाजू, तिची उजवी कड मोकळी. घडी केली की ही मोकळी कड फिरून मागच्या पानाच्या डाव्या क्रीजवर, म्हणजे दाबून पाडलेल्या घडीच्या रेघेवर, येऊन बसते आणि तिच्या आत पेस्टिंगची पट्टी चिकटते. असा क्रम का, तर जोड मागच्या कोपऱ्यात जातो, पुढून दिसत नाही. पुढचं पान पट्टीला लावलं तर जोड पुढच्या कोपऱ्यात येतो, गिऱ्हाईक तोच बघत बसतं.

आता रुंदी. वडी ५३ रुंद, एक मिमीच्या आसपास मोकळीक पाहिजे, म्हणजे आतून ५४. डायलाइनवर आपण क्रीजच्या मध्यापासून क्रीजच्या मध्यापर्यंत मोजतो, आणि त्यातून एका बोर्डाची जाडी आत खाल्ली जाते, म्हणून ५४ मध्ये ०.४ मिळवून ५४.४, सोयीसाठी ५४.५ धरला. बाजूला वडी २६, मोकळीक धरून आतून २७, अधिक ०.४, म्हणजे २७.५.

ओळीत लिहिलं तर असं दिसतं:

पट्टी १२ | मागचं ५४.५ | बाजू २७.५ | पुढचं ५४.५ | बाजू २७

शेवटची बाजू २७, साडेसत्तावीस नाही, ही चूक नाही. पहिला अर्धा मिलिमीटर इथं काढला. या पानाला उजवीकडं क्रीज नाही, कापलेली कड आहे, आणि ती कड पट्टी आणि मागचं पान यांच्या घडीवर येऊन थांबायची आहे. पूर्ण २७.५ ठेवलं तर ती घडीच्या बाहेर अर्धा मिलिमीटर निघते, नखाला लागते, आणि बाराच्या बारा बॉक्स एकत्र ठेवले की तीच कड पहिली फुटते. मी पहिल्या डायमध्ये हे केलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

पट्टी अंदाजे १२ मिमी. छोट्या बॉक्सला १२ ते १५ पुरते. ८ च्या खाली गेलात तर गम लावायला आणि दाबायला जागा राहत नाही. वरचं आणि खालचं टोक दोन्हीकडं तिरपं कापा, साधारण १५ अंश, नाहीतर पट्टीचे कोपरे झाकणाच्या घडीत अडकतात.

आणि एक सूक्ष्म गोष्ट. ही पट्टी शेवटच्या बाजूच्या आत चिकटते, म्हणजे आत अजून ०.४ खाते. रुंदीत हिशोब करा, आतून ५४.१, त्यातून पट्टीची ०.४ गेली, राहिले ५३.७. वडी ५३. उरला ०.७, चालतंय. म्हणून सुरुवातीला एक मिमी मोकळीक घेतली, उगाच नाही.

झाकणं

दोन पद्धती आहेत. वरचं आणि खालचं दोन्ही झाकणं एकाच पानाला लावली तर स्ट्रेट टक. एक मागच्या पानाला आणि एक पुढच्या पानाला लावलं तर रिव्हर्स टक. मी आत्याच्या बॉक्सला रिव्हर्स घेतला, वरचं झाकण मागच्या पानाला आणि खालचं पुढच्या पानाला. कारण पुढं शीटच्या हिशोबात येईल.

झाकणाचं पान म्हणजे बॉक्सच्या जाडीइतकं, २७.५ पाहिजे असं वाटतं, पण इथं दुसरा अर्धा मिलिमीटर काढा, २७ घ्या. झाकण बंद करताना त्याची जीभ पुढच्या पानाच्या आत घुसते, तिला तिथं आपल्या जाडीची जागा लागते. झाकण पूर्ण मापाचं असेल तर जीभ पुढच्या पानाला आतून बाहेर ढकलते आणि बॉक्सला पोट येतं. रुंदीतही दोन्ही बाजूला अर्धा अर्धा कमी, म्हणजे ५४.५ चं झाकण ५३.५. जीभ, जिला टक म्हणतात, १३ मिमी, आणि तिचे कोपरे चांगले गोल करा. टोकदार कोपऱ्याची जीभ आत जाताना अडखळते आणि भरणाऱ्या बायका दिवसभर शिव्या घालतात.

जीभ आत गेली म्हणजे जाडीतही ०.४ गेली, आतून २७.१ होते त्यातले २६.७ राहिले, वडी २६, बसते.

बाजूच्या दोन्ही पानांना वर आणि खाली छोटे डस्ट फ्लॅप येतात. ते झाकणाच्या खाली आडवे पडतात. लांबी मी २० ठेवली. समोरासमोरचे दोन्ही एकमेकांवर चढायला नकोत, म्हणून पुढच्या पानाच्या निम्म्याच्या, म्हणजे २७ च्या पुढं कधी जायचं नाही. आणि तिसरा अर्धा मिलिमीटर इथं आहे, सगळ्यात जास्त विसरला जाणारा. डस्ट फ्लॅपची क्रीज झाकणाच्या क्रीजच्या रेषेत नाही काढायची, अर्धा मिलिमीटर आत, म्हणजे वरच्या टोकाला खाली आणि खालच्या टोकाला वर. कारण डस्ट फ्लॅप झाकणाच्या खाली पडतो. दोन्हीच्या क्रीजा एका रेषेत असतील तर दोघं एकाच उंचीवर भांडतात आणि झाकण कधीच सपाट बसत नाही, मधे उचललेलं राहतं. बॉक्स रिकामा असताना हे कळत नाही, शंभर बॉक्स कार्टनमध्ये ओळीने भरले की कळतं, वरची ओळ बसत नाही.

उंचीचा हिशोब आता जमतो. मागचं आणि पुढचं पान क्रीज ते क्रीज ७९, बाजूची पानं दोन्हीकडून अर्धा कमी होऊन ७८. डस्ट फ्लॅपमधली आतली जागा साधारण ७७.६, वडी ७६. उंचीला मी जरा जास्तच सोडलं, कारण कागदाच्या घड्या तिथंच चढतात.

आता लॉक. झाकण आणि जीभ यांच्यामधल्या घडीला दोन्ही टोकांना ५ मिमीची चीर द्यायची, म्हणजे तेवढ्या भागात क्रीज नाही तर कट. डस्ट फ्लॅपची जी कड जिभेकडं आहे ती मुळापासून पाच-सहा मिमी सरळ ठेवायची आणि मग आत तिरपी न्यायची. बंद केल्यावर ही सरळ कड त्या चिरेत अडकते आणि झाकण आपोआप उघडत नाही. डस्ट फ्लॅपची दुसरी कड, झाकणाच्या बिजागरीकडची, ती मुळापासूनच तिरपी करा, ती घडीत यायला नको.

इथं हमखास होणारी चूक. वरचे डस्ट फ्लॅप काढून झाले की माणूस ते कॉपी करतो आणि खाली मिरर करून चिकटवतो. स्ट्रेट टकमध्ये ते चालतं. रिव्हर्स टकमध्ये खालचं झाकण पुढच्या पानाला आहे, त्याची जीभ मागच्या पानाच्या आत जाते, म्हणजे सरळ कड आता मागच्या पानाकडं पाहिजे. मिरर केलं तर ती पुढच्याकडं राहते, खालचं लॉक लागत नाही आणि साबण भरून उचलला की खालून सटकतो. मिरर नाही, १८० अंशात फिरवा.

सगळं जोडलं की उघडा बॉक्स १७५.५ रुंद आणि वर ४०, मधे ७९, खाली ४०, म्हणजे १५९ उंच.

फाईल

कोरल, इलस्ट्रेटर, इंकस्केप काहीही चालेल. डायलाइन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि आर्टवर्क वेगळ्या. कट आणि क्रीज हे दोन वेगळे स्पॉट कलर करा, मी त्यांना CUT आणि CREASE अशीच नावं देतो, कट लाल, क्रीज हिरवी. नुसता लाल सीएमवायके वापरला तर एखाद्या दिवशी तो प्लेटवर छापून येतो, आणि तुमच्या सुंदर हळदीच्या पिवळ्यावर लाल रेघांचा नकाशा. दोन्ही रेघा ओव्हरप्रिंट करा, नाहीतर त्यांच्याखालचं पिवळं कापलं जाऊन पांढरी रेघ राहते.

रंग कापायच्या कडेच्या बाहेर ३ मिमी न्या, आणि अक्षरं कुठल्याही घडीपासून निदान ३ मिमी आत ठेवा. पंचिंग मशीनवर शीट थोडं सरकतंच, तुम्ही कितीही हुशार असा.

पट्टीवर मात्र रंग नको, वार्निश नको, लॅमिनेशन तर नकोच. फक्त मागच्या पानाचा रंग क्रीज ओलांडून पट्टीवर २ ते ३ मिमी येऊ द्या, म्हणजे शीट हललं तरी कोपऱ्यात पांढरी चिरटी दिसणार नाही. हे मी एकदा शिकलो ते असं. आत्याच्या आधी एका फेसपॅकच्या बॉक्सला मी अख्ख्या शीटला ग्लॉस लॅमिनेशन घेतलं, दिसायला झकास, प्रेसवालाही काही बोलला नाही. पेस्टिंग केलं, दोन दिवस बरं दिसलं, मग एप्रिलच्या उन्हात टेम्पोतून उतरवले तर निम्म्या बॉक्सचा जोड उकललेला. लॅमिनेशनची फिल्म प्लास्टिकची असते, साधा पाण्यातला गम त्यात शिरत नाही, वर वाळतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. तपासायचं असेल तर वाळल्यावर जोड हाताने ओढून बघा. बोर्डाचे तंतू फाटून निघाले तर जोड चांगला. चकचकीत सुटला, दोन्ही बाजू गुळगुळीत राहिल्या, तर तो आज ना उद्या उघडणार. लॅमिनेशन पाहिजेच असेल तर प्रेसला पट्टीचा भाग सोडायला सांगा, नाहीतर फिल्मला धरणारा वेगळा गम. आत्याच्या बॉक्सला मी वॉटर बेस वार्निश घेतलं, आणि त्यातूनही पट्टी कोरी.

बारकोडची एक गंमत. ईएएन-१३ चं मूळ माप मोकळ्या जागेसकट ३७.२९ × २५.९३ मिमी आणि ते ८० टक्क्यांपर्यंत कमी करता येतं, म्हणजे २९.८३ × २०.७४. आपली बाजू २७.५ ची. आडवा बसत नाही. लोक मग तो अजून बारीक करतात आणि दुकानात स्कॅन होत नाही. त्यापेक्षा तो उभा फिरवा, रेघा आडव्या येतील, रुंदीत २०.७४ आणि उंचीत २९.८३, बाजूच्या पानात आरामात बसतो. नाहीतर मागच्या पानावर.

बॅच नंबर, महिना आणि एमआरपीसाठी एका जागी वार्निश सोडा, कारण वार्निशवर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोटाने पुसली जाते. कायद्याने काय काय लिहायचं ती यादी मोठी आहे, साबणाला परवानाही लागतो, तो मजकूर आधी आत्याकडून पक्का करून घेतला आणि मगच पानांवर मांडला, उलट क्रमाने केलं तर जागा पुरत नाही.

डमी

पीडीएफ छापताना प्रिंटरच्या खिडकीत "Actual size" निवडा. "Fit" राहिलं तर सगळा बॉक्स तीन-चार टक्के लहान येतो आणि तुम्ही विचार करत बसता की वडी का जात नाही. मी डायलाइनच्या बाजूला १०० मिमीची एक रेघ ठेवतो, छापल्यावर पट्टीने मोजतो, शंभर आली की पुढं.

डमी साध्या ए फोर कागदावर करू नका. मी पहिली तशीच केली होती, झक्क बसली, कारण ए फोरला जाडीच नाही, सगळे अर्धे मिलिमीटर त्याला माफ. प्रेसमधून आणलेल्या खऱ्या बोर्डाच्या तुकड्यावर प्रिंट चिकटवा नाहीतर रेघा उतरवा. कटरने कापा. क्रीजसाठी रिकामी झालेली बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी लावा आणि छापलेल्या बाजूने जोरात ओढा. मागच्या बाजूला उंचवटा येतो. घडी करताना तो उंचवटा आतल्या बाजूला राहिला पाहिजे. नवीन माणूस उलट करतो, त्याला वाटतं खोबण आहे म्हणजे त्यात दुमडायचं, जसं आपण वहीचं पान दुमडतो. बोर्डात खोबण बाहेर आणि उंचवटा आत. उलट केलं की बाहेरचा थर ताणून फुटतो.

डमी घेऊन मी आत्याकडं गेलो. तिने वडी घातली, झाकण लावलं, हलवलं, मग खालून बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "आरं, बसतंय झ्याक, पर काढताना वडी हातालाच येत न्हाई की." खरंच होतं. जीभ घट्ट, नख घालायला जागा नाही. मग पुढच्या पानाच्या वरच्या कडेला मधोमध १४ मिमीची अर्धगोल खाच दिली, अंगठा लागतो, झाकण उचलतं. हे कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं नसतं.

धागा बघा

बोर्डाला कागदासारखाच धागा असतो, म्हणजे तंतू एका दिशेला लागलेले, त्याला ग्रेन म्हणतात. त्या दिशेला बोर्ड कडक असतो. टक एंडच्या बॉक्सला धागा आडवा पाहिजे, म्हणजे चारही पानांच्या भोवती फिरणारा, उभ्या चार क्रीजांना काटकोनात. तसा असला की पानं ताठ राहतात, पोट येत नाही. उभा घेतला तर पावसाळ्यात हवा दमट झाली की पानं कमानीसारखी फुगतात, आणि इकडं कृष्णाकाठी जुलै-ऑगस्टमध्ये दमट म्हणजे किती, ते सांगायला नको.

ओळखायला दोन पट्ट्या कापा, सारख्या मापाच्या, एक शीटच्या लांबीत आणि एक रुंदीत. दोन्ही एका टोकाला धरून दुसरं टोक बाहेर लोंबू द्या. जी कमी वाकते तिच्या लांबीत धागा. एवढं सोपं आहे तरी फारसं कुणी करत नाही.

शीटवर मांडणी, म्हणजे रिव्हर्स टकचा फायदा

प्रेसने १८ × २३ इंचाचं शीट सांगितलं, ते २३ × ३६ चं निम्मं. मिलिमीटरमध्ये ४५७ × ५८४. आडवे दोन बॉक्स बसतात, ३५१ आणि मधे ३ मिमी. उभे किती, तो प्रश्न. साध्या पद्धतीने एकाखाली एक लावले तर १५९ चे तीन, चौथा बसत नाही. म्हणजे शीटला सहा.

पण रिव्हर्स टकमध्ये मागच्या पानाखाली जागा रिकामी असते आणि पुढच्या पानाच्या वरची जागा रिकामी असते. खालच्या बॉक्सचं वरचं झाकण वरच्या बॉक्सच्या मागच्या पानाखालच्या रिकाम्या जागेत शिरतं, आणि वरच्या बॉक्सचं खालचं झाकण खालच्याच्या पुढच्या पानावरच्या जागेत. डस्ट फ्लॅप २० आणि २० समोरासमोर येतात, बरोबर ४० भरतात. मग प्रत्येक पुढच्या ओळीला १५९ ऐवजी ७९ अधिक ४० अधिक ३ चं अंतर, म्हणजे १२२. चार ओळी १५९ अधिक तीनदा १२२, ५२५. ५८४ मध्ये बसतं, मशीन शीट जिथं धरतं त्या ग्रिपरलाही जागा राहते. सहाच्या जागी आठ, त्याच शीटमध्ये. स्ट्रेट टकमध्ये दोन्ही झाकणं एकाच पानाला, ती समोरासमोर धडकतात, हे जमत नाही. डस्ट फ्लॅप मी २० चेच का ठेवले, त्याचं खरं कारणही हेच, २४ केले असते तर ते आधी धडकले असते.

धागा इथं १८ इंचाच्या दिशेत पाहिजे. २३ × ३६ चं शीट ३६ च्या बाजूने अर्धं केलं आणि धागा ३६ च्या लांबीत असेल तर तो आपोआप बरोबर येतो, तरी पट्टी लोंबवून बघा, बोर्डवाला दोन्ही प्रकारचा देऊ शकतो.

डायवाल्याला काय सांगायचं

डायवाला प्लायवूडमध्ये तुमच्या रेघांवर खोबणी करून त्यात स्टीलच्या पट्ट्या बसवतो, कट करणारी धारेची आणि क्रीज करणारी बोथट, कटच्या दोन्ही बाजूला रबर. कटची पट्टी २३.८ मिमी उंच असते, क्रीजची तिच्यापेक्षा बोर्डाच्या जाडीइतकी कमी, आणि मशीनच्या दुसऱ्या बाजूला क्रीजखाली एक खोबण येते. तिची रुंदी साधारण बोर्डाच्या जाडीच्या दीडपट अधिक क्रीज पट्टीची जाडी. आपलं ०.४ चं दीडपट ०.६, पट्टी ०.७, म्हणजे १.३ मिमी. हा आकडा तुम्ही ठरवायचा नसतो, पण ०.४ हा आकडा त्याला तुम्ही दिला नाही तर तो मागच्या कामाची खोबण लावून मोकळा होतो. म्हणून फाईलसोबत बोर्डाचा तुकडाच द्या, पाकिटात घालून.

पहिली दहा शीटं पंच होईपर्यंत तिथंच उभे राहा. एक बॉक्स घ्या, घडी करा, नंतर उघडा. घडीच्या बाहेरच्या बाजूला रंगात पांढरी बारीक भेग दिसली तर क्रीज उथळ आहे नाहीतर खोबण अरुंद आहे. घडी सोडली की पान चटकन उलट उघडतं, तर तेही उथळ क्रीजचंच लक्षण. क्रीजच्या तळाशी बोर्ड चिरला असेल, उजेडात धरल्यावर रेघ आरपार दिसत असेल, तर पट्टी उंच झालीय. हे सगळं त्याच वेळी बदलता येतं, पट्टीखाली कागद लावून किंवा काढून, दहाव्या शीटला. दोन हजार शीटं झाल्यावर नाही.

पिवळ्या रंगात भेग फारशी दिसत नाही म्हणून निष्काळजी राहू नका. आत्याच्या गटाने पुढच्या वर्षी कडुलिंबाचा साबण काढला, त्याला गडद हिरवा बॉक्स घेतला, डाय तोच, बोर्ड तोच म्हणे. पहिल्याच शीटला चारही कोपऱ्यात पांढऱ्या रेघा. बोर्ड मायक्रोमीटरमध्ये धरला तर ०.४६.